साठ मिलीलिटरचा जाब

बी.एस्सी. नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाला असलेल्या एका मुलीची ही गोष्ट. गोष्ट रचलेली आहे, म्हणून तिला आपण वैशाली म्हणू. वॉर्ड मात्र आपल्याकडच्या कुठल्याही सर्जिकल वॉर्डसारखा आहे.

वर्गातल्या चाचणीत प्रश्न आला होता. साठ किलो वजनाच्या रुग्णाचं पोटाचं ऑपरेशन झालं आहे. चार तासांनी ड्यूटीवरच्या सिस्टरने मावशींना सांगितलं, ‘तीन नंबरची युरिन बॅग रिकामी करा आणि माप लिहून ठेवा.’ मावशींनी बॅग रिकामी केली आणि चार्टवर ‘६० मिली’ लिहिलं. तो आकडा सिस्टरने दोन तासांनी, ओव्हर देताना पाहिला. तोवर रुग्णाची नाडी १२४ वर गेली होती. उशिराचा जाब कोणी द्यायचा? पर्याय होते मावशी, सिस्टर, डॉक्टर, आणि सिस्टर व मावशी निम्मा-निम्मा.

वैशालीने ‘मावशी’वर खूण केली. काम मावशींना दिलं होतं, आकडाही त्यांच्याच हातचा. पेपर परत आला तेव्हा तिथे लाल फुली होती आणि बरोबर उत्तर म्हणून ‘सिस्टर’. तिला ते पटेना. पेपर घेऊन ती मॅडमकडे गेली.

“मॅडम, सिस्टर एकटी चाळीस पेशंट बघणार, वर मावशींच्या चुकाही तिच्याच नावावर?”

“मावशींची चूक कोणती, ते आधी सांग.”

“आकडा कमी आला, तो सांगितला नाही.”

“सांगा, असं त्यांना कोणी म्हटलं होतं?”

वैशालीने प्रश्न पुन्हा वाचला. बॅग रिकामी करा, माप लिहा. मावशींनी दोन्ही केलं होतं, आणि माप खरं लिहिलं होतं.

साठ मिलीलिटर कमी का, हे मावशींना कळणं अपेक्षितच नाही. मोठ्या माणसाला दर किलो वजनामागे तासाला निदान अर्धा मिलीलिटर लघवी व्हावी, असा वॉर्डातला ढोबळ हिशेब असतो. साठ किलोच्या माणसाला तासाला तीस, म्हणजे चार तासांत १२० मिलीलिटर. इथे त्याच्या निम्मी आहे. तीन नंबरचा पेशंट ऐंशी किलोचा असता तर हाच आकडा आणखी वाईट ठरला असता. मावशींच्या हातात मापाचं भांडं आहे. वजन, ऑपरेशनची वेळ आणि हा हिशेब सिस्टरच्या डोक्यात आहे.

कमी लघवी म्हणजे लगेच आतून रक्तस्राव, असंही नव्हे. ऑपरेशनच्या ताणाने शरीर काही काळ पाणी धरून ठेवतं. कॅथेटरची नळी पेशंटच्या अंगाखाली दबलेली असते, किंवा आत गुठळी अडकलेली असते. पण पोटात खरोखर रक्त साचत असेल, तर मूत्रपिंडांकडे जाणारं रक्त कमी होतं, लघवी घटते, नाडी वाढते आणि बीपी बऱ्याचदा सगळ्यात शेवटी पडतं. म्हणून आकडा कमी दिसला की आधी नळी तपासायची, मग नाडी, बीपी, पोटाचा ताठरपणा आणि ड्रेनमधलं रक्त पाहायचं, आणि डॉक्टरांना कळवायचं. या तपासणीला शिक्षण लागतं आणि ती सोपवता येत नाही. बॅग रिकामी करणं सोपवता येतं.

“मग सिस्टरने ते काम द्यायलाच नको होतं?” वैशालीने विचारलं.

“द्यायला हवंच होतं. सगळं स्वतः करायला गेली तर चाळिसातल्या कोणाकडेच नीट बघणं होणार नाही. तिने काम दिलं, पण पुढचं वाक्य दिलं नाही.”

मॅडमनी पेपरच्या कोऱ्या जागेत त्या सूचना लिहायला सांगितल्या. वैशालीने तीनदा खोडून लिहिलं: ‘मावशी, तीन नंबरची बॅग दर तासाला बघा. मापाच्या भांड्यात मोजून लगेच लिहा. तीसच्या खाली आली किंवा लाल दिसली, तर भांडं ओतू नका, आधी मला बोलवा. मी ड्रेसिंगला असले तरी बोलवा.’

“आता त्या ‘हो सिस्टर’ म्हणतील. मग?”

“मग... काय ऐकलं ते त्यांच्याकडूनच म्हणवून घ्यायचं. आणि तासाभराने चार्ट मी बघायचा.”

अमेरिकेतल्या राज्य नर्सिंग मंडळांच्या राष्ट्रीय परिषदेने १९९०च्या दशकात काम सोपवण्याच्या पाच कसोट्या मांडल्या. काम योग्य हवं, प्रसंग योग्य हवा, माणूस योग्य हवा, सूचना नेमकी हवी आणि नंतर देखरेख हवी. नर्सिंगची मुलं हे पाच मुद्दे पाठ करतात आणि पहिल्या तीनवर थांबतात, कारण तेवढं झालं की काम हातातून गेल्यासारखं वाटतं. चाचणीतल्या सिस्टरच्या हातून सुटल्या त्या शेवटच्या दोन. फ्लॉरेन्स नाइटिंगेलने ‘नोट्स ऑन नर्सिंग’ या १८५९च्या पुस्तकात एक अख्खं प्रकरण याच काळजीवर लिहिलं आहे. आपण समोर असताना जे होतं ते आपण नसतानाही कसं होईल, हे बघणं तिच्या लेखी वॉर्ड चालवणाऱ्या बाईचं मुख्य काम होतं.

आपल्याकडे यात एक भर पडते. सरकारी वॉर्डात युरिन बॅग पुष्कळदा मावशीही रिकामी करत नाहीत, पेशंटची बायको नाहीतर भाऊ करतो, आणि ‘भरली होती, ओतून टाकली’ एवढंच सांगतो. किती होती? माहीत नाही. नातेवाईक पगारी नोकर नव्हेत, त्यांना कोणी शिकवलेलंही नसतं. तरी त्यांच्यावर हे काम सोडलं, तर चार्टवरच्या रिकाम्या चौकोनाचा जाब ते सोडणाऱ्यालाच द्यावा लागतो. मापाचं भांडं दाखवून ‘इथे रेघेपर्यंत बघा, आम्हाला सांगितल्याशिवाय ओतू नका’ म्हणायला मिनिटभर पुरतं. माझ्या मते आपल्या वॉर्डांत सगळ्यात जास्त वाचवता येण्याजोगा घोळ इथेच होतो.

वैशालीची शंका तरीही फिटली नव्हती. “सूचना नीट दिली, आणि मावशींनी न बघताच आकडा ठोकून दिला, तर?”

“मग खोटा आकडा लिहिल्याचा जाब मावशींचा. सिस्टरला विचारलं जाईल की तिने पडताळलं का. आणि एका सिस्टरवर चाळीस पेशंट कोणी ठेवले, हे मेट्रनना आणि त्यांच्या वरच्यांना विचारायला हवं. एकाचा जाब दुसऱ्याने घेतला म्हणून पहिल्याचा संपत नाही.”

म्हणूनच ‘निम्मा-निम्मा’ हा पर्यायही चुकीचा होता. वैशाली पेपर आणायला निघाली, तेव्हा त्यावर खूण करायला हवी होती असं तिला वाटत होतं. मार्क काही वाढले नाहीत.

पुढच्या आठवड्यात तिची पोस्टिंग फीमेल सर्जिकलला लागली. इनचार्ज सिस्टरने जाता जाता सांगितलं, “पाच ते नऊ, सगळ्यांचे बीपी घे.”

“सिस्टर, किती आलं तर लगेच सांगू?”

सिस्टर थांबल्या. “वरचं नव्वदच्या खाली, किंवा नाडी शंभरच्या वर. सहा नंबरचं नेहमीच कमी असतं, तिचं कालचं बघून मग ये. आणि नऊ नंबर राहू दे. तिला आत्ताच रक्त लावलंय, पहिली पंधरा मिनिटं मीच तिच्याजवळ थांबते.”