पोटरीत ‘टक्’ झालं तर : पहिले चौदा दिवस

थंडी सुरू झाली की मोहल्ल्यातल्या मोकळ्या जागेत चुन्याच्या रेघा पडतात, दोन खांबांना जाळी बांधली जाते आणि इशाच्या नमाजनंतर बॅडमिंटन रंगतं. खेळणाऱ्यांत तरुण असतात तसे चाळिशी ओलांडलेलेही असतात. दिवसभर खुर्चीवर किंवा दुकानाच्या गल्ल्यावर बसलेला माणूस अंग गरम न करता थेट कोर्टवर उतरतो. अशा वेळी होणारी एक दुखापत ठरावीक आहे. मागे गेलेला खेळाडू पुढे पडणारं शटल उचलायला झेप घेतो आणि पोटरीत ‘टक्’ असा आवाज होतो. पुष्कळदा तो आधी मागे वळून पाहतो, कारण कोणीतरी पोटरीवर दगड किंवा रॅकेट मारली असं त्याला वाटतं. मागे कोणीच नसतं. पोटरीचा स्नायू फाटलेला असतो.

त्यानंतरच्या पाच मिनिटांत जे होतं, त्यावर पुढचं बरंच काही ठरतं. भोवती जमलेले लोक म्हणतात, “गोळा आलाय, नस चढलीय.” एक जण पायाचा पंजा धरून वर ताणतो, दुसरा पोटरी चोळू लागतो. गोळा आला असेल तर हा उपाय बरोबर आहे. पण स्नायू फाटला असेल तर तोच उपाय फाटलेली जागा आणखी उसवतो आणि आतला रक्तस्राव वाढवतो. म्हणून दोन्हींतला फरक घरातल्या प्रत्येकाला माहीत हवा. गोळा आला की पोटरीत दगडासारखी गाठ येते, आवाज होत नाही, आणि हलकं ताणलं की काही मिनिटांत आराम पडतो. स्नायू फाटला की एका क्षणात कळ येते, बोट ठेवून दाखवता येईल अशी एकच जागा दुखते आणि ताणलं की दुखणं वाढतं. शंका असेल तर ताणायचं नाही आणि चोळायचंही नाही.

नेमकं काय फाटतं?

पोटरीचा वरचा फुगीर भाग म्हणजे गॅस्ट्रोक्नेमियस नावाचा स्नायू. त्याचे आतला आणि बाहेरचा असे दोन भाग असतात. हा स्नायू गुडघ्याच्या वरून निघतो आणि खाली टाचेच्या जाड शिरेला, म्हणजे अकिलीस टेंडनला मिळतो. म्हणजे तो गुडघा आणि घोटा असे दोन सांधे ओलांडतो. झेप घेताना टाच जमिनीवर दाबली जाते, त्याच क्षणी गुडघा सरळ होतो आणि त्याच क्षणी स्नायू जोर लावून आखडत असतो. दोन्ही टोकांनी ताण आणि मधून ओढ, अशा कात्रीत आतला भाग फाटतो. जागा बहुधा एकच असते : पोटरीच्या मध्याजवळ, आतल्या बाजूला, जिथे मांसल भाग संपून पांढरी शीर सुरू होते. या दुखापतीला ‘टेनिस लेग’ म्हणतात. १८८३ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात तिचं वर्णन लॉन टेनिसच्या संदर्भात आलं होतं, तिथून हे नाव रुळलं.

याच प्रकारचा आवाज आणि अशीच कळ आणखी एका दुखापतीत येते, ती म्हणजे अकिलीस टेंडन तुटणे. तिचे उपचार पूर्ण वेगळे आहेत आणि उशीर झाला तर नुकसान मोठं होतं. तिथे दुखण्याची जागा पोटरीत नसून टाचेच्या काही बोटं वर असते आणि हाताला तिथे खळगा लागू शकतो. ओळखण्यासाठी डॉक्टर रुग्णाला पालथं झोपवतात, पावलं पलंगाच्या कडेबाहेर ठेवायला सांगतात आणि पोटरी हळूच दाबतात. टेंडन शाबूत असेल तर पाऊल आपोआप खालच्या दिशेने हलतं. तुटलं असेल तर पाऊल जवळपास स्तब्ध राहतं. “पाय हलवता येतोय, म्हणजे काही तुटलेलं नाही,” हा समज चुकीचा आहे, कारण इतर स्नायूंच्या जोरावर पाऊल थोडंफार हलतंच. त्यामुळे आवाज ऐकू आला असेल किंवा त्या पायाच्या चवड्यावर उभं राहता येत नसेल, तर दुसऱ्याच दिवशी हाडांच्या डॉक्टरांना दाखवावं.

एका शिक्षकाचे चौदा दिवस

आमच्या शाळेतल्या एका सहकाऱ्यांचं उदाहरण घेऊ. वय ४४. डाव्या पोटरीत ‘टक्’ झालं तेव्हा कोणाला चोळू न देता ते दोघांच्या खांद्यावर हात टाकून घरी आले. भाभींनी बर्फाचे तुकडे ओल्या फडक्यात गुंडाळून दुखऱ्या जागेवर १५ ते २० मिनिटं ठेवले. असं जागेपणी दर दोन-तीन तासांनी, पहिले दोन-तीन दिवस केलं. बर्फ थेट त्वचेवर ठेवला तर कातडी भाजल्यासारखी होते, म्हणून फडकं हवंच. मग पावलापासून सुरुवात करून गुडघ्याच्या खालपर्यंत क्रेप बँडेज बांधलं. फक्त पोटरीवर पट्टी आवळली तर खालचं पाऊल सुजतं. बोटं थंड किंवा निळसर पडली, मुंग्या आल्या, तर पट्टी लगेच सैल करायची. झोपताना टाचेपासून मांडीपर्यंत पूर्ण पायाखाली उशा ठेवल्या, म्हणजे पाय छातीपेक्षा उंच राहतो.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी वरची चाचणी केली, टेंडन शाबूत असल्याचं पाहिलं आणि सोनोग्राफीत आतल्या भागाची मध्यम फाट दिसली. वेदनेसाठी पॅरासिटामॉल दिलं. रक्त पातळ करणारी गोळी चालू आहे का, हे त्यांनी आवर्जून विचारलं, कारण तशा रुग्णाच्या पोटरीत जास्त रक्त साचू शकतं. अशांनी, तसंच मूत्रपिंडाचा किंवा अल्सरचा त्रास असणाऱ्यांनी दुकानातून दुसरी वेदनाशामक गोळी स्वतःहून घेऊ नये.

तिसऱ्या दिवशी नातेवाईक जमले. एकाने गरम विटेचा शेक सुचवला, दुसऱ्याने नस बसवणाऱ्या पैलवानाचं नाव. दोन्ही टाळलं गेलं. शेकाने या दिवसांत रक्तस्राव आणि सूज वाढते. जोराच्या मालिशने ताजे सांधलेले धागे तुटतात.

पण टाळणं म्हणजे खाटेवर पडून राहणं नव्हे. तिसऱ्या-चौथ्या दिवसापासून त्यांनी पाय थोडा वाकवून घोटा वर-खाली हलवायला सुरुवात केली : एका वेळी १०-१५ वेळा, दिवसातून चार-पाच वेळा, न दुखेल इतकंच. दोन्ही चपलांत साधारण एक सेंटिमीटर जाडीची टाचेची गादी घातली. टाच उंचावली की पोटरीवरचा ताण कमी होतो, आणि दोन्ही पायांत घातली तर कंबर तिरकी होत नाही. काठी उजव्या हातात धरली, कारण काठी नेहमी दुखऱ्या पायाच्या विरुद्ध हातात धरायची असते. जिना चढताना चांगला पाय आधी, उतरताना दुखरा पाय आधी.

पाचव्या दिवशी घोट्याभोवती काळा-निळा डाग उतरला आणि घरचे घाबरले. फाटलेल्या जागेचं रक्त वजनाने खाली सरकतं. सूज आणि दुखणं वाढत नसेल तर त्यात घाबरण्यासारखं काही नाही.

नमाज, वुजू आणि शौचालय

आपल्या घरांत या दुखण्याचा खरा कस इथे लागतो. सजद्यातून उठताना पायाची बोटं दुमडलेली असतात आणि सगळा जोर पोटरीवर येतो. कअद्यात गुडघा पूर्ण दुमडून बसल्यावर पोटरीच मांडीखाली दाबली जाते. म्हणून हे दोन आठवडे नमाज खुर्चीवर बसून पढणं सोयीचं. आजारी माणसाला बसून नमाज पढण्याची सवलत दीनमध्ये आहेच. वुजू करताना एका पायावर तोल सावरत दुसरा पाय नळाखाली धरू नये, स्टुलावर बसून वुजू करावा. भारतीय पद्धतीच्या शौचालयात उकिडवं बसताना घोटा पूर्ण वाकतो आणि पोटरी ताणली जाते, म्हणून कमोड किंवा प्लास्टिकची कमोड-खुर्ची वापरावी.

दुसरा आठवडा फसवतो

आठव्या दिवसाच्या सुमारास आमच्या सहकाऱ्यांना चालताना फारसं दुखेना. ही या दुखापतीची सर्वांत फसवी वेळ आहे. वेदना आधी जाते, स्नायूची ताकद नंतर येते. या काळात फाटीच्या जागी नवी, कच्ची ऊती तयार होत असते. तिला हलका भार हवा असतो, झटका नको असतो. त्यांनी खुर्चीवर बसून टाचा उचलायला सुरुवात केली : १० वेळा, दिवसातून तीनदा. लंगडणं थांबल्यावर, बाराव्या दिवशी, भिंतीला हात टेकून दोन्ही पायांवर उभं राहून टाचा उचलल्या. किती करायचं यासाठी एकच माप होतं. वेदनेला शून्य ते दहा गुण द्यायचे. तीनच्या वर गेली, किंवा दुसऱ्या सकाळी पाय जास्त दुखला, तर एक पायरी मागे यायचं.

याच आठवड्यात एका धोक्यावरही लक्ष ठेवायचं. कमी होत आलेली सूज पुन्हा वाढली, पोटरी गरम, लाल आणि जड झाली, तर पायाच्या खोल शिरेत रक्ताची गाठ झाली असण्याची शक्यता असते. त्याच दिवशी डॉक्टरांकडे जावं, आणि अशा पोटरीला मालिश तर मुळीच करू नये. दम लागला किंवा छातीत दुखलं, तर थेट रुग्णालय गाठावं. पहिल्या काही तासांत पोटरी टणक होऊन असह्य कळा येत राहिल्या, पाऊल बधिर पडलं, तर तीही तातडीचीच वेळ आहे.

चौदाव्या दिवशी तीन गोष्टी पाहाव्यात : सपाट जमिनीवर न लंगडता चालता येतं का, जिना एका पाठोपाठ एक पाय टाकत चढता येतो का, आणि दोन्ही पायांवर मिळून दहा वेळा टाचा उचलता येतात का. तिन्हींचं उत्तर ‘हो’ असेल तर पाय योग्य वाटेवर आहे. ‘नाही’ असेल तर फिजिओथेरपिस्टला दाखवावं. पळणं आणि उडी अजून दूर आहे. मध्यम फाटीला कोर्टवर परतायला साधारण सहा ते आठ आठवडे लागतात, आणि पूर्ण फाट असेल तर काही महिने. दुखऱ्या एका पायावर उभं राहून चांगल्या पायाइतक्याच वेळा, साधारण वीस वेळा, टाच उचलता आली की मग हलकं धावणं सुरू करावं. ते जमल्यावरच रॅकेट हातात घ्यावी.