ऑडिट फीचे पैसे दर महिन्याला बाजूला काढा

तुमची प्रायव्हेट लिमिटेड असेल, तर धंदा छोटा असला तरी ऑडिट चुकत नाही. वर्ष मार्चला संपतं, पण सीएचं बिल बहुतेकदा सप्टेंबरच्या आसपास येतं, नेमकं दिवाळीचा माल भरताना. मग "नंतर बघू" होतं.

एक हिशोब करू. ऑडिट फी ३०,००० आणि १८ टक्के जीएसटी, म्हणजे ३५,४००. दुकानाचा विमा १४,६००. आरओसी फाइलिंग १०,०००. झाले ६०,०००. दर महिन्याला ५,००० वेगळ्या खात्यात टाका.

नाही टाकले तर? एजीएमनंतर एओसी-४ फॉर्म ३० दिवसांत आणि वार्षिक रिटर्न ६० दिवसांत भरायचं असतं. उशीर झाला की प्रत्येक फॉर्मला रोज १०० रुपये. दोन्ही ९० दिवस लेट, तर १८,००० गेले. म्हणून बजेटमध्ये ही ओळ भाड्याच्या खालीच लिहा.