फेस मशीनची नोटीस: कागदावर काय हवं आणि का

गेटजवळच्या फलकावर सहसा एवढंच लागतं : 'येत्या १ तारखेपासून सर्व कामगारांची हजेरी फेस मशीनवर घेतली जाईल. सर्वांनी टाइम ऑफिसमध्ये येऊन चेहरा नोंदवावा.' खाली सही आणि शिक्का. एवढ्या नोटिशीवर मशीन सुरू होतं, पण पहिल्या पगाराला टाइम ऑफिसच्या खिडकीशी रांग लागते. चेहरा कुठे गेला, नाही दिला तर काय, आणि मशीन बंद पडलं त्या दिवशीचा खाडा कोणाच्या माथी, या तिन्ही प्रश्नांची उत्तरं त्या कागदावर नसतात. एमआयडीसीतला ४३० माणसांचा, तीन पाळ्यांचा एखादा कारखाना डोळ्यांसमोर ठेवून ती उत्तरं लिहून पाहू.

आधी चेहरा कुठे जातो ते. नोंदणीच्या वेळी माणूस मशीनसमोर साधारण हातभर अंतरावर उभा राहतो. मशीन त्याचे फोटो घेतं आणि त्यांतून आकड्यांची एक माळ काढतं. या माळेला टेम्प्लेट म्हणतात. समजा तिच्यात ५१२ आकडे आहेत आणि प्रत्येकाला ४ बाइट लागतात, तर एका माणसाची माळ २ केबीची झाली. ४३० जणांच्या माळा मिळून एक एमबीसुद्धा भरत नाही. म्हणजे सगळ्या कारखान्याचे चेहरे मोबाइलच्या एका फोटोपेक्षा कमी जागेत मावतात. रोज हजेरीच्या वेळी मशीन नवी माळ काढतं, साठवलेल्या माळांशी ताडून पाहतं आणि सर्वांत जवळची माळ ठरावीक पातळीच्या वर जुळली तर नाव दाखवतं.

इथे नोटिशीत हमखास एक वाक्य येतं : 'आपला फोटो साठवला जात नाही.' बहुतेक वेळा ते अर्धंच खरं असतं. कित्येक मशीन नोंदणीचा मूळ फोटो ठेवून देतात, कारण पुढे सॉफ्टवेअर बदललं तर जुन्या माळा चालत नाहीत आणि फोटोवरून नव्या काढाव्या लागतात. शिवाय प्रत्येक पंचच्या वेळी एक फोटो टिपून ठेवायची सोय असते आणि पुष्कळदा ती चालूच राहिलेली असते. हे तपासायला इंजिनिअर लागत नाही. टाइम ऑफिसच्या संगणकावर कुठल्याही दिवसाचा पंच रिपोर्ट उघडायचा. नावापुढे छोटा चेहरा दिसला, तर फोटो साठतोय. तेव्हा नोटिशीत सरळ लिहावं : नोंदणीचा फोटो ठेवतो की नाही, पंचचा फोटो ठेवतो की नाही, आणि ठेवत असू तर किती दिवस. नुसती आकड्यांची माळ म्हणजे अगदीच निरुपद्रवी, असंही नाही. माळेवरून चेहऱ्याच्या जवळ जाणारं चित्र पुन्हा तयार करता येतं, हे संशोधकांनी करून दाखवलं आहे. आणि फुटलेला पासवर्ड बदलता येतो, चेहरा नाही.

माळ एकाच जागी नसते, हेही सांगायला हवं. आपल्या कारखान्यात मुख्य गेटवर एक मशीन आहे, कॅन्टीनच्या बाजूला दुसरं. दोन्हींत सगळ्यांच्या माळा आहेत, सर्व्हरवर तिसरी प्रत आहे आणि सर्व्हरच्या बॅकअपमध्ये चौथी. कामगार नोकरी सोडतो आणि टाइम ऑफिस संगणकावरून त्याचं नाव काढतं. त्या वेळी कॅन्टीनचं मशीन नेटवर नसेल, तर तिथली माळ तशीच राहते. काही ठिकाणी तर मशीन परत जोडलं गेलं की त्यातली माळ पुन्हा सर्व्हरवर चढते आणि सोडून गेलेला माणूस यादीत उगवतो. म्हणून महिन्यातून एकदा प्रत्येक मशीनवरची नावांची संख्या आणि पगारपत्रकावरची संख्या जुळवून पाहायची. ४३० च्या जागी ४३४ दिसले, तर चार जणांचे चेहरे विनाकारण पडून आहेत. नोटिशीत माळ आणि हजेरी या दोन गोष्टी वेगळ्या ठेवाव्यात. हजेरीची नोंद पगार आणि कायद्यासाठी वर्षानुवर्षं ठेवावी लागते. चेहऱ्याचं काम मात्र शेवटच्या दिवशी संपतं, त्यामुळे तो पुसण्याची मुदत त्यानंतरच्या दिवसांत सांगावी.

आता संमती. २०११ च्या माहिती तंत्रज्ञान नियमांनी चेहऱ्याची ठेवण बायोमेट्रिक माहितीत धरली आहे, आणि कंपनीने ती घेण्याआधी लेखी संमती घ्यावी असं सांगितलं आहे. त्यानंतर २०२३ चा डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा आला. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये निघाले, आणि मालकावर येणाऱ्या बहुतेक जबाबदाऱ्या त्यानंतर १८ महिन्यांनी लागू व्हायच्या आहेत. नव्या कायद्यात संमती मोकळेपणाने दिलेली, नेमक्या कारणापुरती आणि समजून दिलेली हवी. ती देणं जितकं सोपं, तितकंच मागे घेणंही सोपं असलं पाहिजे. नोटीस इंग्रजीत किंवा आठव्या अनुसूचीतल्या २२ भाषांपैकी कुठल्याही भाषेत वाचण्याची सोय हवी. कारखान्यात ओडिशाची पोरं असतील, तर त्यांच्यासाठी ओडियातही.

याच कायद्याच्या सातव्या कलमात नोकरीच्या कारणासाठी काही डेटा संमतीशिवाय वापरायची मुभा आहे. अनेक व्यवस्थापनं हजेरी त्यातच बसवतात. बसवायची तर तसं उघड लिहावं. एकीकडे त्या कलमाचा आधार घ्यायचा आणि दुसरीकडे संमतीपत्रावर रांगेत सह्या घ्यायच्या, हा मधला प्रकार माझ्या मते सर्वांत वाईट. माणसाला वाटतं आपल्याला विचारलं, आणि खरं तर विचारलेलं नसतं. संमतीच घ्यायची असेल, तर 'नाही' म्हणणाऱ्यासाठी दुसरा मार्ग हवा : कार्ड, किंवा गेटवरच्या रजिस्टरमध्ये सही. कार्डवाल्याचा पगार, ओव्हरटाइम, बढती यांवर परिणाम होणार नाही, हे त्याच परिच्छेदात यावं. दुसरा मार्ग नसताना घेतलेल्या सहीला संमती म्हणण्यात अर्थ नाही.

ठेकेदाराच्या माणसांबद्दल एक ओळ वेगळी लागते. पगार ठेकेदार देतो आणि मशीन कंपनीचं असतं. 'माझा चेहरा पुसा' असा अर्ज घेऊन गेलेला माणूस मग दोघांच्यामध्ये लटकतो. म्हणून अर्ज कुठल्या खिडकीवर घेतला जाईल ते पदनामासह छापावं.

सरकारी कार्यालयांतली आधारवरची हजेरी यापेक्षा वेगळी आहे, दोन्हींची गल्लत करू नये. तिथे चेहऱ्याची पडताळणी आधार प्राधिकरणाच्या यंत्रणेकडे होते आणि कार्यालयाकडे जुळलं की नाही एवढाच निकाल येतो. वैद्यकीय महाविद्यालयांतल्या अध्यापकांसाठी राष्ट्रीय वैद्यक आयोगाने १ मे २०२५ पासून हीच पद्धत आणली. तिथे नेट गेलं की पडताळणीच थांबते. आपल्या कारखान्यातल्या मशीनचं तसं नाही.

हे मशीन नेट गेलं तरी ओळखतं आणि पंच स्वतःच्या पोटात साठवतं. जोडणी आली की ते सर्व्हरवर पाठवून देतं. त्यामुळे 'नेट नव्हतं म्हणून हजेरी लागली नाही' हे उत्तर कामगाराने ऐकून घेऊ नये. वीज गेली तर बॅटरी काही तास धरते, ती संपली की रजिस्टर. हे दोन्ही बिघाड निदान दिसतात तरी.

ओळख न पटणं जास्त सतावतं. गेट पूर्वेला उघडत असेल, तर सकाळच्या पाळीला माणसाच्या पाठीमागून ऊन कॅमेऱ्यात शिरतं आणि चेहरा काळा पडतो. फाउंड्रीत लेन्सवर धुळीचा थर बसतो. तक्रारी वाढल्या की मशीनवाला येतो आणि जुळणीची पातळी गुपचूप खाली आणतो. तक्रारी थांबतात, पण आता एकाच्या जागी दुसरा चालायला लागतो. समजा एका तुलनेत चुकून जुळण्याची शक्यता लाखात एक आहे. मशीन प्रत्येक चेहरा ४३० माळांशी ताडतं, म्हणून नोंद नसलेला माणूस कोणाच्या तरी नावावर आत जाण्याची शक्यता २३० मध्ये एकाच्या आसपास येते. पातळी उतरवली की ती आणखी वाढते. कारखान्यात दोन भाऊ असतील, तर आधी त्यांच्यातच घोटाळा होतो. त्यांना आधी नंबर दाबून मग चेहरा दाखवायला लावलं, की मशीन एकाच माळेशी ताडतं आणि प्रश्न सुटतो. नोटिशीत दोन गोष्टी याव्यात : तीन वेळा ओळख पटली नाही तर थेट रजिस्टरमध्ये सही, आणि पातळी बदलायची तर टाइम ऑफिसरच्या लेखी मंजुरीनेच.

सर्वांत घातक बिघाड मात्र घड्याळाचा, कारण तेव्हा मशीन अगदी ठणठणीत दिसतं. दुसरी पाळी दुपारी ३ ते रात्री ११ ची धरू. १४ तारखेला रात्री वीज गेली, बॅटरी जुनी होती म्हणून मशीन बंद पडलं, आणि बरोबर ९ वाजता वीज आल्यावर सुरू झालं. आतला बटणासारखा छोटा सेल मेला होता, म्हणून घड्याळ १ जानेवारी २००० च्या मध्यरात्री ००:०० पासून चालू लागलं. नेटचा स्विच बंदच राहिल्यामुळे सर्व्हरकडून खरी वेळ मिळाली नाही. एक कामगार ११:०५ ला बाहेर पडला. मशीनने नाव दाखवलं, आवाज केला आणि नोंद केली : १ जानेवारी २०००, ०२:०५. दुसऱ्या दिवशी सॉफ्टवेअरला त्याचा २:५२ चा आत येण्याचा पंच सापडला, बाहेरचा नाही. मिस पंच म्हणून अर्धा दिवस कापला गेला. त्या पाळीच्या सगळ्यांचं हेच.

ही हजेरी हरवलेली नसते. मशीनमधली मूळ नोंद काढायची आणि वीज आल्यानंतरच्या प्रत्येक वेळेत १४ तारखेचे २१:०० मिळवायचे. ०२:०५ चे २३:०५ होतात. मग वॉचमनच्या वहीत ज्यांच्या जाण्याची वेळ हाताने लिहिली आहे, अशा दोन-तीन जणांशी पडताळून पाहायचं. जुळलं तर सगळ्या पाळीची दुरुस्ती करायची आणि मूळ नोंदही तशीच जपायची. वॉचमनच्या वहीशिवाय हे शक्य नाही. 'मशीन आलं, आता वही बंद' असं नोटिशीत लिहिलेलं असेल, तर ते वाक्य आधी खोडावं. त्याऐवजी हे लिहावं : 'मशीनच्या बिघाडामुळे नोंद न झालेल्या पाळीचा पगार कापला जाणार नाही. अशा नोंदींची दुरुस्ती तीन कामकाजी दिवसांत केली जाईल आणि दुरुस्तीची यादी फलकावर लावली जाईल.' कामगाराने एवढंच करावं : पंच करताना नावाबरोबर पडद्यावरची तारीख आणि वेळही पाहावी.

एक बाब जवळपास कुठल्याच नोटिशीत नसते. मशीन बिघडलं की मशीनवाला ते दुरुस्तीला घेऊन जातो आणि पर्यायी मशीन बसवून देतो. गेटवरून टेम्पोत गेलेल्या त्या डब्यात ४३० माळा असतात. मशीन चालू होत असेल, तर देण्याआधी टाइम ऑफिसने समोर उभं राहून सगळा डेटा पुसावा आणि गेटपासवर तसं लिहावं. मशीन चालूच होत नसेल, तर आतली मेमरी काढून घ्यावी, नाहीतर डेटा नष्ट केल्याचं पत्र मशीनवाल्याकडून घेऊन फायलीत लावावं. दुरुस्त होऊन आलेलं मशीनही गेटवर टांगण्याआधी उघडून पाहावं. त्यात भलत्याच कारखान्यातल्या माणसांची नावं निघाली, तर आपलं मागचं मशीन कुठे टांगलं गेलं असेल, हे मशीनवाल्याला लेखी विचारावं.