स्लिप निघाली, पैसे कुठे अडकले?

समजा, साताऱ्यातलं एक कापडाचं दुकान. शनिवारी संध्याकाळी गिऱ्हाइकाने ४,७२० रुपयांची साडी घेतली, कार्ड लावलं, मशीनमधून स्लिप निघाली. गिऱ्हाइकाच्या मोबाइलवर पैसे गेल्याचा संदेशही आला. सोमवारी दुकानदार खातं पाहतो, तर त्या रकमेचा पत्ता नाही.

बहुतेकांची समजूत अशी की स्लिप म्हणजे पैसे मिळाल्याची पावती. प्रत्यक्षात स्लिप एवढंच सांगते की गिऱ्हाइकाच्या बँकेने व्यवहाराला होकार दिला. त्या होकाराचा सहा अक्षरांचा क्रमांक स्लिपवर असतो. पैसे मागण्याचं काम वेगळं, आणि अनेक मशीनांत ते दिवसाच्या शेवटी होतं. तोवर प्रत्येक विक्रीची नोंद मशीनच्याच स्मृतीत साठते. या गठ्ठ्याला बॅच म्हणतात.

बॅच बंद करणं म्हणजे सेटलमेंट. मशीन आपल्याकडच्या नोंदींची संख्या आणि बेरीज दुकानदाराच्या बँकेला कळवतं. बँकेकडची बेरीज जुळली की बॅच मिटते. जुळली नाही तर मशीन एकेक नोंद पुन्हा पाठवतं. याच वेळी रेंज गेली तर सगळं अर्धवट राहतं. बॅच मिटल्यावर बँक आपलं शुल्क आणि त्यावरचा जीएसटी कापून, बहुधा पुढच्या कामाच्या दिवशी, पैसे जमा करते. म्हणून खात्यात नेमके ४,७२० शोधत बसू नये. बऱ्याचदा दिवसभराची एकच निव्वळ रक्कम दिसते.

आपल्या दुकानात काय झालं? मशीनचं आपोआप सेटलमेंट रात्री अकराला लावलेलं होतं आणि दुकानदार साडेनऊलाच मशीन बंद करून घरी जात होता. हे ओळखायची खूण स्लिपवरच आहे. शनिवारच्या स्लिपवर BATCH NO 000214 आहे आणि सोमवारच्या ताज्या स्लिपवरही तोच क्रमांक असेल, तर बॅच मिटलेलीच नाही. मेन्यूतून सेटलमेंट करावं आणि अहवालाचा कागद निघेपर्यंत मशीन बंद करू नये. पुढच्या विक्रीला 000215 दिसायला हवा.

काही मशीनांत नोंदी थेट बँकेकडे राहतात आणि बँकच ठरल्या वेळी बॅच मिटवते. तिथे मशीन बंद असल्याने बिघडत नाही. स्लिपवर SALE ऐवजी VOID किंवा PRE AUTH छापलं असेल, तर गोष्टच निराळी. पहिल्यात व्यवहार रद्द झालेला असतो आणि दुसऱ्यात रक्कम फक्त राखून ठेवलेली असते.

बॅच बरेच दिवस उघडी राहिली तर अडकवलेली रक्कम गिऱ्हाइकाच्या खात्यात परत जाऊ शकते. मग साडीही गेली आणि पैसेही. मशीन बदलायला माणूस आला, की जुन्यातली बॅच मिटवल्याशिवाय ते त्याच्या हाती देऊ नये, कारण नोंदी त्यातच अडकतात. मग बँकेला दाखवायला उरते ती स्लिप, तिच्यावरचा बारा आकडी RRN आणि होकाराचा क्रमांक. उष्णतेने छापलेला तो मजकूर काही महिन्यांत उडतो, तेव्हा झेरॉक्स वेळीच काढावी.