गोळी घेतली का, ते फोनला माहीत नसतं

थायरॉईडची गोळी उपाशीपोटी घ्यायची असते आणि त्यानंतर अर्धा ते एक तास चहासुद्धा घ्यायचा नसतो. चहा, कॉफी किंवा नाश्ता लगेच पोटात गेला, तर ती गोळी अंगात नीट शोषली जात नाही. कॅल्शियमची किंवा लोहाची गोळी चालू असेल, तर दोन्हींत चार तासांचं अंतर ठेवावं लागतं. साताऱ्यात आमच्या सोसायटीच्या तिसऱ्या मजल्यावर राहणाऱ्या आजींना हे सगळं पाठ होतं. अडचण एवढीच, की पहाटे पाचला उठून चहाचं आधण ठेवायची सवय पन्नास वर्षांची होती आणि गोळी मात्र दोन वर्षांची. पहिला घोट घेतल्यावर गोळी आठवायची. मग एखाद्या दिवशी चहावरच घेतली जायची, तर एखाद्या दिवशी राहून जायची. तपासणीत आकडा वाढलेला दिसला, तेव्हा डॉक्टरांनी डोस वाढवण्याआधी विचारलं, "आजी, गोळी घेता कशी आणि कधी?" खरं कारण तिथं कळलं.

दिवाळीला नातू पुण्याहून आला. त्याने आजींच्या फोनमध्ये पाच मिनिटांत सहा अलार्म लावून दिले आणि सुट्टी संपल्यावर तो परत गेला. फोन वाजायचा, पडद्यावर औषधाचं इंग्रजी नाव यायचं आणि आजी आवाज बंद करून कामाला लागायच्या. कुठला अलार्म कशासाठी, हे त्यांना सांगता येत नव्हतं. पुढच्या वेळी तो आला, तेव्हा त्यांनी फोन त्याच्या हातात दिलाच नाही. "तू नुसतं सांग. बोटं माझी चालू देत," असं म्हणून सहाही अलार्म त्यांनी पुसायला लावले आणि एकच लावला, स्वतःच्या हाताने.

अलार्म कसा लावायचा, हे बहुतेक अँड्रॉइड फोनवर थोड्याफार फरकाने सारखंच असतं. घड्याळाचं ॲप उघडायचं, अलार्मच्या भागात जायचं, अधिकच्या खुणेवर बोट ठेवायचं आणि वेळ निवडायची. इथवर सगळ्यांना जमतं. चुकतं ते यापुढे. अलार्मखाली आठवड्याच्या वारांची सात अक्षरं असतात. त्यातला एकही वार निवडला नाही, तर अलार्म फक्त एकदाच वाजतो. "काल वाजला, आज वाजलाच नाही, फोन बिघडला," ही तक्रार बहुधा इथूनच येते. रोजची गोळी असेल तर सातही वार निवडायचे. ड जीवनसत्त्वाची आठवड्याची गोळी असेल तर एकच वार निवडायचा. आठवड्याची गोळी रोज घेतली जाणं, ही ती विसरण्यापेक्षा मोठी चूक आहे. काही औषधांच्या बाबतीत ती जिवावर बेतते.

दुसरी चूक सकाळ-रात्रीची. रात्री ९ च्या ऐवजी सकाळी ९ लागतात आणि जेवणानंतरची गोळी राहून जाते. यावर आजींना नातवाने चांगला उपाय दाखवला. अलार्म लावला की अनेक फोनवर पडद्याच्या तळाशी क्षणभर एक ओळ येते, अलार्म किती तासांनी आणि किती मिनिटांनी वाजणार ते सांगणारी. दुपारी ४ वाजता रात्री ९ चा अलार्म लावला, तर तिथे पाच तास दिसायला हवेत. सतरा तास दिसले, तर वेळ उलटी लागली. ती ओळ वाचल्याशिवाय आजी आता फोन खाली ठेवत नाहीत.

तिसरी गोष्ट अलार्मच्या नावाची. पूर्वी काही लक्षात ठेवायचं असलं की आजी पदराला गाठ मारायच्या. ती गाठ आठवण करून द्यायची, पण कशाची ते सांगायची नाही. बिननावाच्या अलार्मचंही तसंच असतं. म्हणून लेबलच्या जागी आजींनी औषधाचं नाव लिहिलं नाही, काम लिहिलं: "चहाआधी पांढरी छोटी गोळी". मराठी टाइप करायला वेळ लागत होता, तेव्हा कीबोर्डवरच्या माइकच्या खुणेला हात लावून त्या बोलल्या आणि अक्षरं उमटली. अलार्मची वेळही त्यांनी जागेपणीच्या सवयीला बांधली. पहाटे ५ ला उठल्याबरोबर गोळी, आणि चहाचं आधण पावणेसहाला.

आठवड्याभरात शेजारच्या काकू विचारायला आल्या, "आजी, तुमचा फोन रोज पहाटे वाजतो, तो कशासाठी?" तिथून सुरुवात झाली. दुपारी तीनच्या सुमाराला जिन्यातल्या मोकळ्या जागेत चार खुर्च्या पडू लागल्या. आजींचा नियम एकच होता: शिकवणाऱ्याने दुसऱ्याच्या फोनला हात लावायचा नाही. हात मागे बांधून तोंडाने सांगायचं. वेळ दुप्पट लागतो, पण पुढच्या वेळी त्या माणसाला कुणाला बोलवावं लागत नाही. शिवाय एका दिवशी एकच अलार्म. तो आठवडाभर नीट चालला, तरच दुसरा.

काकूंचा अलार्म वाजायचा, पण त्यांना ऐकू यायचा नाही. फोनवर भजनं मोठ्याने लागतात, मग अलार्म हळू कसा, हे त्यांना उमगेना. फोनमध्ये गाण्यांचा, रिंगचा आणि अलार्मचा आवाज वेगवेगळा असतो. बाजूचं बटण दाबून भजनाचा आवाज वाढतो, अलार्मचा वाढेलच असं नाही. सेटिंगमध्ये आवाजाच्या भागात अलार्मची वेगळी पट्टी असते, ती सरकवावी लागते. आता आजी प्रत्येकाकडून एक चाचणी करून घेतात. दोन मिनिटांनंतरचा अलार्म लावायचा, फोन आतल्या खोलीत ठेवायचा आणि स्वयंपाकघरात नळ सोडून उभं राहायचं. ऐकू आला तर ठीक. फोन पूर्ण बंद असेल, तर बहुतेक फोनचा अलार्म वाजत नाही, म्हणून रात्री चार्जिंगला लावणं हाही धड्याचाच भाग.

तळमजल्यावरच्या मावशींना वाचता येत नाही. लेबलचा त्यांना काय उपयोग? तेव्हा नातवाला फोन लावून आजींनी वाट काढली. फोनच्या रेकॉर्डरमध्ये मावशींनी स्वतःच्याच आवाजात बोलून ठेवलं, "जेवण झालं, आता साखरेची गोळी घे." अलार्मचा आवाज निवडायच्या ठिकाणी अनेक फोनवर आपली स्वतःची ध्वनिफीत जोडता येते. आता दुपारी दीडला मावशींचा फोन मावशींच्याच आवाजात बोलतो.

सगळ्यात अवघड प्रकरण होतं दुसऱ्या मजल्यावरच्या आजोबांचं. मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेनंतर त्यांना डोळ्यांत थेंब घालायचे होते. डॉक्टरांच्या कागदावर एका औषधाचा असा क्रम होता: पहिल्या आठवड्यात दिवसातून सहा वेळा, दुसऱ्यात पाच, तिसऱ्यात चार, असं उतरत सहाव्या आठवड्यात एकदा. असं औषध एकदम बंद केलं, तर डोळ्याची सूज परत येऊ शकते, म्हणून ते पायरी-पायरीने कमी करतात. कागद पाहून आजोबांचे हातपाय गळाले होते. आजींनी त्यांच्याकडून सहा अलार्म लावून घेतले: सकाळी ७ आणि १०, दुपारी १ आणि ४, संध्याकाळी ७, रात्री १०. पहिला थेंब सोमवारी पडला होता, म्हणून दर सोमवारी एक अलार्म कमी करायचा ठरलं. दुसऱ्या आठवड्यात रात्री १० चा बंद झाला. तिसऱ्या आठवड्यात उरलेल्या चारांच्या वेळा सारख्या अंतराने पसरवल्या, ७, ११, ३ आणि ७. किती अलार्म चालू आहेत हे मोजलं की कितवा आठवडा आहे ते आपोआप कळायचं. दुसरी बाटलीही होती. दोन थेंबांमध्ये निदान पाच मिनिटं जायला हवीत, नाहीतर दुसरा थेंब पहिल्याला धुऊन टाकतो. त्यासाठी लेबलवर लिहिलं, "आधी पांढऱ्या झाकणाची, पाच मिनिटांनी दुसरी". हा क्रम आजोबांच्या कागदावरचा. प्रत्येकाचा वेगळा असतो आणि तो डॉक्टरांनीच ठरवायचा.

एवढं सगळं होऊनही आजींना स्वतःच्याच गोळ्यांच्या पाकिटात जास्तीच्या गोळ्या उरलेल्या सापडल्या. अलार्म रोज वाजत होता आणि रोज बंदही होत होता. पण एखाद्या पहाटे अलार्म बंद करायचा आणि तेवढ्यात दूधवाल्याची बेल वाजायची. परत आल्यावर गोळी घेतली की नाही, ते आठवायचं नाही. फोनला एवढंच कळतं, की कुणीतरी पडद्यावर बोट ठेवलं. गोळी तोंडात गेली का, ते त्याला कळत नाही. ही रिमाइंडरची खरी मर्यादा आहे, आणि मधुमेहाच्या औषधांत ती धोक्याची ठरते, कारण "घेतली नसेल" असं वाटून दुसऱ्यांदा घेतली, तर साखर एकदम खाली येते.

म्हणून आजींनी औषधाच्या दुकानातून सात वारांच्या सात खणांचा डबा आणला. रविवारी रात्री आठवड्याच्या गोळ्या भरायच्या. वेळ झाली हे फोन सांगतो, घेतली का ते खण सांगतो. मंगळवारचा खण रिकामा असेल, तर मंगळवारची गोळी पोटात गेली. हात कणकेत असतील, तर अलार्म बंद करायचा नाही, थोड्या वेळाने पुन्हा वाजेल असं स्नूझचं बटण दाबायचं. गोळी गिळल्यावरच बंद. डबा आल्यापासून आजींच्या पाकिटात गोळ्या उरलेल्या नाहीत.

दर गोळीमागे विसरणंच असतं असंही नाही. समोरच्या काकांचा रक्तदाबाच्या गोळीचा अलार्म वरचेवर बंद केलेला सापडायचा. आजींनी बाजूला घेऊन विचारलं, तेव्हा ते म्हणाले, "गोळी घेतली की उठताना चक्कर येते हो, म्हणून मीच बंद करतो." आजींनी पुन्हा अलार्म लावायला सांगितलं नाही. त्यांनी काकांच्या मुलाला सांगून त्यांना डॉक्टरांकडे पाठवलं. औषध महाग पडतं म्हणून, किंवा त्रास होतो म्हणून बंद केलेल्या गोळीवर रिमाइंडर हा इलाज नाही, आणि शिकवणाऱ्याने हे ओळखायला हवं.

वर्षातून एकदा येणाऱ्या कामांसाठी अलार्म कामाचा नाही, तिथे फोनमधलं कॅलेंडर लागतं. निवृत्तिवेतन घेणाऱ्यांना हयातीचा दाखला नोव्हेंबरमध्ये द्यावा लागतो. जिन्यातल्या वर्गात चार निवृत्तिवेतनधारकांनी १ नोव्हेंबरची नोंद केली आणि ती दरवर्षी पुन्हा येईल अशी लावली. पण कॅलेंडरची सूचना एकदा टिंग करते आणि इतर निरोपांच्या गर्दीत खाली जाते, म्हणून आजींनी आणखी एक नोंद १५ नोव्हेंबरची करायला लावली.

घरी आईवडिलांच्या फोनमध्ये अलार्म लावून द्यायचा विचार असेल, तर तो लावून देऊ नका. त्यांच्या शेजारी बसा, त्यांच्याच शब्दांत, त्यांच्याच बोटांनी एक अलार्म लागू द्या, किती तासांनी वाजणार ती ओळ त्यांना मोठ्याने वाचू द्या. आणि पुढच्या वेळी जाताना सात खणांचा डबा घेऊन जा.