एकोणिसाव्या खणानंतर

पियानो शिकणाऱ्याच्या हाती बाखचा सी मेजर प्रिल्यूड लवकरच येतो. ‘वेल-टेम्पर्ड क्लॅव्हिअर’च्या 1722 सालच्या पहिल्या भागातली ही पहिलीच रचना. एका घरगुती बैठकीत मी ती न बघता वाजवायला बसलो. एकोणिसाव्या बारपर्यंत, म्हणजे स्वरलिपीतल्या एकोणिसाव्या खणापर्यंत, सुरळीत चाललं होतं. पुढच्या क्षणी बोटं दुसऱ्या खणावर गेली आणि मी थांबलो.

कारण रचनेतच होतं. पांढरी एकला सा धरला, तर पहिला खण आहे सा ग प सा ग. एकोणिसावाही तोच, फक्त एक सप्तक खाली. बोटांची ठेवण तीच, त्यामुळे पुढे सवयीनं सा रे ध रे म आलं. यायला हवं होतं सा प कोमल नी सा ग. रोज वाजवून पाठ झालेलं बोटांना ठाऊक होतं, मला नव्हतं.

मग मी कागद घेऊन बसलो. एकूण 35 खण. पहिल्या 32 मध्ये दर खणात पाचच सूर, तेच फिरून फिरून. हे पाच एकदम दाबून पाहिले की खण हातात मावतो. मग फक्त सर्वांत खालचे सूर लिहिले. सातव्यापासून अकराव्यापर्यंत नी नी ध रे प. पंधराव्यापासून एकोणिसाव्यापर्यंत ग ग रे प सा. चाल एकच, नवा सा धरून पुन्हा मांडलेली! चोविसाव्यापासून आठ खण खाली प, शेवटचे चार सा. म्हणजे अखेरच्या बारा खणांना दोन सूर पुरतात. (काही जुन्या प्रतींत बाविसाव्यानंतर एक जादा खण घुसवलेला आहे, तशी प्रत असेल तर आकडे एकानं सरकतात.)

यानंतर संथ सराव. मेट्रोनोम 40 वर ठेवला की एका खणाला सहा सेकंद मिळतात. इतक्या संथपणात बोटांची सवय सुटते आणि पुढचं खरंच माहीत आहे का, ते लगेच कळतं. प्रत्येक खण संपण्याआधी पुढचा खालचा सूर तोंडानं म्हणायचा. म्हणता आला नाही, तर थांबायचं; अंदाजानं पुढे जायचं नाही, कारण चुकीचा सूरही तितक्याच पक्केपणानं पाठ होतो. एकोणीस-वीस हा सांधा मी वेगळा काढून, एक आणि दोनच्या शेजारी ठेवून वाजवला.

शेवटचा भाग पियानोविना. बसमध्ये डोळे मिटून मी पट्ट्या पाहतो, कुठलं बोट कुठे ते मनात ठरवतो आणि सूर मनातच ऐकतो. बावीस ते चोवीसमध्ये माझं चित्र पुसट व्हायचं. तिथे खालचा सूर तीव्र मवरून प ओलांडून कोमल धवर जातो आणि मग पवर उतरतो. पियानोवर हे सहज वाजत होतं, म्हणून कच्चं आहे हे कळलंच नव्हतं. आता घरी आलो की पहिल्यांदा थेट बाविसाव्या खणापासून सुरू करतो, मग विसाव्यापासून. पहिल्या खणापासून सगळ्यात शेवटी.