प्रसूती रुग्णालयात, तरीही मृत्यू : तीन विलंबांच्या चौकटीतून

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार २००५-०६ मध्ये भारतात सुमारे ३९ टक्के प्रसूती आरोग्यसंस्थांत होत. २०१९-२१ मध्ये हे प्रमाण सुमारे ८९ टक्के झाले. मात्र हा आकडा प्रसूती कोठे झाली एवढेच सांगतो. तेथे रक्त किंवा भूलतज्ज्ञ होते की नाही, हे त्यातून कळत नाही.

ही उणीव भरून काढण्यास सेरीन थॅडियस व डेबोरा मेन यांनी १९९४ मध्ये मांडलेली तीन विलंबांची चौकट उपयोगी पडते. उपचार घेण्याचा निर्णय होण्यास लागलेला वेळ हा पहिला विलंब, संस्थेपर्यंत पोहोचण्याचा वेळ हा दुसरा आणि पोहोचल्यावर योग्य उपचार मिळण्यास लागलेला वेळ हा तिसरा.

एक कल्पित उदाहरण घेऊ. दुपारी चारला कळा सुरू होताच घरच्यांनी स्त्रीला पाच वाजता प्राथमिक आरोग्य केंद्रात आणले. साडेनऊला प्रसूती झाली, पावणेदहाला अतिरक्तस्राव सुरू झाला. परिचारिकेने ऑक्सिटोसिन दिले, पण रक्त थांबेना. वाहन मिळून निघेपर्यंत १०.५० झाले. साडेअकराला ग्रामीण रुग्णालय गाठले, तर तेथे रक्तसाठा नव्हता. जिल्हा रुग्णालयात ती १.१५ ला पोहोचली आणि थोड्याच वेळात दगावली. प्रसूतीनंतरचा तीव्र रक्तस्राव उपचाराविना साधारण दोन तासांत प्राण घेऊ शकतो. येथे साडेतीन तास गेले.

अशा मृत्यूच्या कागदावर ‘रुग्णास उशिरा आणले’ असा शेरा पडला, तर तो जिल्हा रुग्णालयापुरता खरा आणि एकंदरीत खोटा ठरेल. घरच्यांकडून विलंब झालाच नव्हता. एका संस्थेतून दुसरीकडे जाण्यात गेलेला वेळ प्रवासाचा दिसला, तरी संदर्भसेवेची उणीव थॅडियस व मेन तिसऱ्याच विलंबात धरतात. प्रसूतीच्या आकडेवारीत मात्र ही स्त्री ‘संस्थेतील प्रसूती’ म्हणून यशाच्या बाजूला मोजली जाते.

आता तिचे प्रसूतिपूर्व तपासणीचे कार्ड पाहू. चार भेटींची नोंद आहे, म्हणजे निर्देशक पूर्ण. पण आठव्या महिन्यात हिमोग्लोबिन ६.८ लिहिले आहे. सातच्या खाली तीव्र रक्तक्षय समजतात आणि अशा स्त्रीला वरच्या रुग्णालयात पाठवणे आवश्यक असते. आकडा लिहिला गेला, पुढे काही झाले नाही. रक्तक्षय असलेल्या स्त्रीला थोडा रक्तस्रावही सोसत नाही. भेटींची संख्या मोजणाऱ्या निर्देशकाला ही चूक दिसत नाही. तीन विलंबांच्या चौकटीलाही ती सहज दिसत नाही, कारण तिचे घड्याळ गुंतागुंत उद्भवल्यावर सुरू होते. माझ्या मते ही या चौकटीची खरी मर्यादा आहे.

त्यामुळे मृत्यूची चौकशी करताना शेवटच्या रुग्णालयाचा केसपेपर पुरत नाही. आधीच्या दोन्ही संस्थांतील वेळा, वाहनाची नोंदवही, गरोदरपणाचे कार्ड आणि घरच्यांचे सांगणे एकाच कालरेषेवर मांडावे लागते.